ताज्या लिचीची विक्रीनोंद : टिकवणीचे दिवस कोठून मोजावेत?

बिहारमधील मुजफ्फरपूर परिसरातील शाही लिची साधारणतः मे महिन्याच्या उत्तरार्धात काढणीस येते आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिचा हंगाम आटोपतो. या अल्प काळात दूरच्या खरेदीदाराला माल न पाहताच मागणी नोंदवावी लागते व त्याचा सर्व भरवसा विक्रीनोंदीवर असतो. ‘शाही लिची, उत्तम प्रत, ताजी तोडणी, वजन २ किलो, १० दिवस टिकते’ ही नोंद वरवर पाहता परिपूर्ण वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील एकही बाब खरेदीदाराला तपासता येत नाही, आणि शेवटची बाब तर तंट्याचे मूळ ठरते.

लिची हे तोडणीनंतर न पिकणारे फळ आहे. आंब्याप्रमाणे ते अढीत घालून गोड करता येत नाही. त्यामुळे तोडणीच्या क्षणी जो गोडवा असेल तोच अखेरपर्यंत राहतो. केवळ साल लाल झाली म्हणून फळ तयार झाले असे समजू नये. सालीवरील काटेरी उंचवटे सपाट होऊ लागले आहेत का, हे पाहावे आणि काही फळे फोडून चव घ्यावी. वाण आणि तोडणीची तारीख या दोन बाबी परस्परांची साक्षही देतात. चायना हा वाण शाहीच्या मागून, जूनमध्ये तयार होतो. मुजफ्फरपूरचा माल २० जूनला ‘शाही’ म्हणून नोंदविला गेला असेल, तर खरेदीदाराने शंका घेणे रास्तच आहे.

प्रतीबाबत ‘उत्तम’ हा शब्द निरुपयोगी आहे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात लिचीच्या विशेष प्रतीसाठी किमान ३३ मिलिमीटर व्यास अपेक्षित आहे, तर पहिल्या व दुसऱ्या प्रतीसाठी तो २० मिलिमीटर आहे. एका पेटीतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान फळाच्या व्यासांत १० मिलिमीटरहून अधिक फरक नसावा. म्हणून नोंदीत प्रतीच्या नावासोबत व्यास लिहावा.

टिकवणीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. लिचीची साल पातळ असून ती लवकर पाणी गमावते. साल सुकली की तिच्यातील लाल रंगद्रव्याचा ऱ्हास होतो आणि विकरांच्या क्रियेने ती तपकिरी पडते. आतील गर अद्याप चांगला असला तरी ग्राहक असे फळ घेत नाही. उन्हाळ्यातील साध्या हवेत हे दोन-तीन दिवसांतच घडते. उलट फळ त्वरित थंड करून २ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात व भरपूर आर्द्रतेत ठेवल्यास दोन आठवड्यांपर्यंतही रंग टिकू शकतो. तात्पर्य, तापमानाशिवाय दिवसांच्या आकड्याला अर्थ नाही.

समजा, २५ मे रोजी पहाटे ५ ते ७.३० या वेळेत तोडणी झाली, ११ वाजेपर्यंत फळे ४ अंशांपर्यंत थंड केली आणि शीतवाहनातून पाठविली. अशा मालाची नोंद पुढीलप्रमाणे करता येईल :

‘शाही, पहिली प्रत, व्यास २८ ते ३४ मिमी. तोडणी २५ मे, पहाटे ५ ते ७.३०. सुटी फळे, आखूड देठासह. निव्वळ वजन २ किलो. ४ अंशांवर सलग ठेवल्यास ४ जूनपर्यंत. शीतगृहाबाहेर काढल्यावर १ दिवस.’

येथे दिवसांची मोजणी तोडणीपासून केली आहे, पेटी भरण्यापासून किंवा माल पोहोचल्यापासून नव्हे. शेवटचा वाक्यांश बहुतेक नोंदींत नसतो. मात्र किरकोळ विक्रेत्याला तोच सर्वाधिक हवा असतो. थंड लिची बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि ती ताज्या फळापेक्षा झपाट्याने तपकिरी होते. हाच माल २० तास साध्या ट्रकने गेला, तर साध्या हवेतील त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा वाटेतच सरतो. नंतर शीतगृहात ठेवूनही तो भरून येत नाही. त्या वेळी ‘४ जून’ ही तारीख नोंदीतून काढून टाकणेच प्रामाणिकपणाचे.

वजनातही हाच पाण्याचा हिशेब आहे. पारंपरिक पेटीत लिची पानांसह घोसाने भरतात. २ किलोच्या पेटीत २०० ग्रॅम डहाळी व पाने असली, तर फळे १,८०० ग्रॅमच भरतात. म्हणून ‘घोसासह’ की ‘सुटी’, हे लिहिणे आवश्यक आहे. सुटे फळ मात्र ओढून तोडू नये. देठाजवळ साल फाटते आणि कूज तेथूनच सुरू होते. कात्रीने आखूड देठ ठेवून ते कापावे.

घट किती होते, हे प्रत्येक बागाइतदाराला स्वतः मोजता येते. पाठवणीच्या वेळी तीन पेट्या बाजूला ठेवून त्याच परिस्थितीत २४ तासांनी पुन्हा तोलाव्यात. २,००० ग्रॅमचे १,९६० भरले, तर घट २ टक्के झाली. मग पेटीत २,०५० ग्रॅम भरल्यास पोहोचताना वजन २ किलोखाली जाणार नाही. पावसानंतर तोडलेल्या ओल्या फळांना हा हिशेब लागू होत नाही. सालीवरचे पाणी तराजूत वजन दाखवते व पेटीत बुरशी वाढवते. अशा दिवशी तोडणी पुढे ढकलावी आणि नोंदीतील तारीखही बदलावी.