पावतीचा आकडा बदलला की परक्याचं बुकिंग

प्रश्न : आरे-वारेला होमस्टे बुक केला. पावतीच्या लिंकमधला आकडा बदलला, तर दुसऱ्याच पाहुण्याचं नाव-फोन दिसलं. साइटचा बग बाउंटी कार्यक्रम आहे. रिपोर्ट कसा लिहू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी आकडे बदलणं थांबवा. आपलीच ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन खाती उघडून, कार्यक्रमाच्या नियमांत राहून, दोष पुन्हा दाखवा. मथळा नेमका हवा : ‘पावतीच्या पानावर मालकी तपासली जात नाही’. मग पायऱ्या : ‘ब’ खात्यातून बुकिंग करा, पावती क्रमांक टिपा, ‘अ’ खात्यात लॉगिन करून हे उघडा :

```
/receipt?id=4102
```

अपेक्षित : प्रवेश नाकारला जावा. प्रत्यक्षात : ‘ब’ची पावती दिसते.

परिणाम लिहिताना ‘साइट हॅक होते’ असं ठोकून देऊ नका. क्रमांक ओळीने असल्यामुळे कोणीही लॉगिन केलेला माणूस सगळ्या पाहुण्यांचे फोन आणि मुक्कामाच्या तारखा गोळा करू शकतो, एवढंच लिहा. माहिती दिसते, पण बदलता येत नाही; म्हणून सीव्हीएसएस ३.१ नुसार गुण ६.५, म्हणजे मध्यम :

```
AV:N/AC:L/PR:L/UI:N/S:U/C:H/I:N/A:N
```

लॉगिनशिवायही पावती उघडली, तर `PR:N` होऊन गुण ७.५, म्हणजे उच्च. तेवढं मात्र लॉगआउट करून, ‘ब’च्याच पावतीवर तपासा. स्क्रीनशॉटमध्ये परक्यांचे तपशील नकोत.