साहेबांच्या आधी मॅडम

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधून ती बंद करून देणं, हे माझं काम. भोकं मेंटेनन्सवाल्यांना दिसतात, पण खर्चाला मंजुरी प्लांट हेड देतात, आणि त्यांची डायरी सेक्रेटरी मॅडमच्या हातात असते. म्हणून साहेबांपर्यंत पोचायचं, तर हे लक्षात ठेवा.

१. "साहेबांशी पर्सनल बोलायचंय" असं कधीही सांगू नका. फोन जोडला गेलाच, तर पहिल्याच मिनिटाला खरं काम कळतं. मग बोलणी मॅडमना बसतात, आणि पुढे आपल्या कंपनीचं नाव ऐकलं की साहेब कायम मीटिंगमध्ये असतात.

२. "कशासंदर्भात?" हा प्रश्न तुम्हाला टाळण्यासाठी विचारलेला नसतो. आत जाऊन साहेबांना एका दमात काय सांगायचं, हे मॅडमना हवं असतं. "एनर्जी सेव्हिंग सोल्युशन" हे शब्द त्या आत नेऊ शकत नाहीत. आकडा नेऊ शकतात.

म्हणून मी आधी मेंटेनन्स मॅनेजरांकडे जातो. एका कारखान्यात गुरुवारच्या सुट्टीत, सगळी मशिनं बंद असताना, आम्ही कॉम्प्रेसर चालू ठेवून घड्याळ लावलं. तो २ मिनिटं लोडवर, ६ मिनिटं अनलोडवर चालत होता. हवा वापरणारं कुणीच नव्हतं, म्हणजे ८ पैकी २ मिनिटांची, २५ टक्के हवा निव्वळ गळतीत जात होती. मग मॅडमना मेल केला: "गुरुवारी प्लांट बंद असताना चाचणी घेतली. कॉम्प्रेसरच्या क्षमतेची २५ टक्के हवा गळते. आकडे मेंटेनन्स मॅनेजरांनी तपासले आहेत. साहेबांची १५ मिनिटं मिळावीत." मॅनेजरांना कॉपीत ठेवलं होतं, त्यांना विचारूनच. मॅडमनी प्रिंट काढून ती साहेबांच्या फाइलमध्ये ठेवली आणि वेळ मिळाली. कंपनीचं ब्रोशर मी जोडलं नव्हतं. ते जोडलं की मेल जाहिरातीत जमा होतो.

३. सकाळी प्रॉडक्शन मीटिंग, महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई. "कधी फोन करू?" हे मॅडमनाच विचारा आणि सांगितलेल्या वेळेलाच करा.

४. "हे साहेब बघत नाहीत, हेड ऑफिस बघतं," असं उत्तर आलं तर तो नकार समजू नका. मंजुरीची मर्यादा कुणाची किती आहे, हे मॅडमना पक्कं ठाऊक असतं. योग्य माणसाचं नाव विचारा, आणि "तुमचा संदर्भ देऊ का?" हेही विचारा. परवानगी मिळाली तर हेड ऑफिसातला फोन वेगळ्याच सुरात उचलला जातो. नाही म्हणाल्या, तर नाव घेऊ नका.

५. साहेबांचा मोबाइल नंबर बाहेरून मिळवून परस्पर फोन लावू नका. साहेब "ऑफिसला बोला" म्हणतात, आणि ऑफिसात फोन मॅडमच उचलतात.