परक्या गिऱ्हाईकाशी व्हिडिओ कॉलवर बोलणे : पहिले मिनिट

दुकानात गिऱ्हाईक आले की आपण सलाम करतो, बसायला सांगतो आणि "काय दाखवू?" असे विचारतो. व्हिडिओ कॉलवर मात्र अनेक व्यापारी हा क्रम विसरतात. चेहरा दिसला की लगेच मालाची माहिती सुरू होते. असे केल्याने काय बिघडते, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, सोलापूरचा एक टॉवेल उत्पादक दुबईतील एका खरेदीदाराशी प्रथमच बोलत आहे. कारखान्याच्या कचेरीत बसून त्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि स्पीकर पूर्ण मोठा केला. "हॅलो, आवाज येतो का?" "येतो." एवढे होताच तो तीन मिनिटे बोलत राहिला. नंतर खरेदीदार बोलू लागला, पण दर वाक्याला अडखळू लागला. शेवटी "नंतर बोलू" म्हणून त्याने कॉल बंद केला. उत्पादकाला कारण कळलेच नाही, कारण त्याला सर्व काही स्वच्छ ऐकू येत होते.

कारण असे की खरेदीदाराचा आवाज सोलापूरच्या स्पीकरमधून बाहेर पडून त्याच मोबाईलच्या माईकमध्ये शिरत होता आणि क्षणभराने दुबईला परत जात होता. स्वतःचेच शब्द कानावर आदळू लागले की माणसाला बोलता येत नाही. लक्षात ठेवा, प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो. दोष समोरच्या टोकाला असतो. मोबाईलमध्ये प्रतिध्वनी कापण्याची सोय असते. पण स्पीकर फार मोठा असला, वेगळा स्पीकर जोडलेला असला किंवा खोली पत्र्याची व रिकामी असली, की ती अपुरी पडते. यावर सोपा उपाय म्हणजे वायरचा इअरफोन लावणे. तो नसेल तर आवाज निम्म्यावर आणावा.

म्हणून "आवाज येतो का?" हा प्रश्न अपुरा आहे. त्याचे उत्तर "हो" असेच येते, आवाज कसा येतो ते कळत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत : "माझा आवाज तुटतो का?" आणि "आपल्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो का?" पहिल्याचे उत्तर "हो" आले तर आधी दोन्हीकडील चित्र बंद करावे. चित्राला आवाजापेक्षा कितीतरी पट अधिक डेटा लागतो; ते थांबले की बहुधा आवाज सुधारतो. दुसऱ्याचे उत्तर "हो" आले तर आपलाच स्पीकर कमी करावा. समोरच्याचे ओठ हलत असून काहीच ऐकू येत नसेल तर त्याच्या माईकच्या चिन्हावर आडवी रेघ आहे का, ते त्याला लिहून विचारावे.

आता सलामाविषयी. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. सोलापूरला दुपारचा एक वाजतो तेव्हा तिथे साडेअकराच झालेले असतात. त्यामुळे "गुड आफ्टरनून" चुकते. "अस्सलामु अलैकुम" किंवा "नमस्कार" कोणत्याही वेळी चालते. सलामानंतर नाव, गाव व धंदा एका वाक्यात सांगावा. खोलीत भाऊ किंवा मुनीम बसला असेल तर त्याचीही ओळख द्यावी. न दिसणारा माणूस अचानक मध्ये बोलला की परक्याला संशय येतो.

त्यानंतर बोलण्याचा मान समोरच्याला द्यावा : "आपल्याला कोणता माल, किती हवा ते आधी सांगा, मी लिहून घेतो." एवढे म्हणून गप्प राहावे, मनात दोन अंक मोजावेत. आवाज पोहोचायला व परत यायला वेळ लागतो. ही शांतता न सोसून आपण पुन्हा बोललो की दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात आणि दोघेही "बोला, बोला" म्हणत बसतात.

त्याच उत्पादकाने दुसऱ्या वेळी इअरफोन लावला, दोन्ही प्रश्न विचारले आणि गप्प बसला, असे समजा. खरेदीदार म्हणाला, "फिफ्टी डझन, चौरस मीटरला पाचशे ग्रॅमचा." उत्पादकाने वहीत १५ लिहिले, पण वाचून दाखवले : "एक-पाच, पंधरा डझन?" "नाही, पाच-शून्य, पन्नास." फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फरक शेवटच्या अक्षराचा आहे, आणि तुटक आवाजात तेच अक्षर सहज गळते. म्हणून आवाज तपासून झाला तरी प्रत्येक संख्या अंक सुटे करून परत म्हणावी, आणि कॉल संपताच तीच लिहून पाठवावी. ३५ डझनांचा फरक माल निघाल्यावर कळण्यापेक्षा वहीतच खोडलेला बरा.