पहिले चार आकडे जुळले म्हणून भुलू नका

पिरंगुटच्या एका वर्कशॉपमध्ये नुकताच एम-१० चा टॅप मोडला. मशीनला सोळा खणांचं टूल मॅगझिन आहे, खणांचे नंबर ० ते १५. मॅगझिनच्या शाफ्टला चार बिटांचा ॲब्सोल्यूट एन्कोडर बसवलेला आहे आणि तो ग्रे कोड देतो. मशीननं चौथ्या खणातला साडेआठचा ड्रिल मागितला, तर पाचव्या खणातला टॅप आला आणि भोक नसलेल्या जागी जाऊन आदळला. मला बोलावलं तेव्हा सगळे एन्कोडरला शिव्या देत होते. "सर, सुरुवातीचे चारही खण बरोबर दाखवतोय, म्हणजे प्रोग्राम ठीक आहे," असं तिथल्या पोराचं म्हणणं.

मी मॅगझिन हातानं फिरवलं आणि पडद्यावरचा आकडा लिहून घेत गेलो: ०, १, २, ३, ५, ४, ७, ६, १०, ११, ८, ९, १५, १४, १३, १२. सगळे आकडे एकेकदाच येतात, गाळलेला एकही नाही. खराब एन्कोडर इतका शिस्तीत चुकत नाही. चूक रूपांतरात होती.

बायनरीवरून ग्रे करायचं तर प्रत्येक बिट आणि त्याच्या डावीकडचा बिट यांचं एक्सॉर घ्यायचं. ग्रेवरून बायनरीकडे येताना मात्र डावीकडचा जो बिट घ्यायचा, तो नुकताच तयार झालेला बायनरीचा बिट असतो:

```
सुलट              उलट
g3 = b3           b3 = g3
g2 = b3 ^ b2      b2 = b3 ^ g2
g1 = b2 ^ b1      b1 = b2 ^ g1
g0 = b1 ^ b0      b0 = b1 ^ g0
```

प्रोग्राममध्ये उलटच्या जागी `g ^ (g >> 1)` लिहिलेलं होतं, म्हणजे सुलटच सूत्र, पुन्हा एकदा. ते दोनदा चालवलं की उत्तर मूळ `b` येत नाही, `b ^ (b >> 2)` येतं. दोन बिटांपर्यंत दोन घरं सरकवल्यावर हाती शून्यच उरतं, म्हणून ० ते ३ बिनचूक. चौथ्या खणापासून घोळ सुरू. खण ४ चा ग्रे ०११०. त्याला सुलट सूत्र लावलं की ०१०१ म्हणजे ५ येतात, आणि पाचव्या खणावर ४. मशीन ४ दिसेपर्यंत फिरलं आणि टॅपवर थांबलं.

दुरुस्ती दोन ओळींची:

```
b = g ^ (g >> 1)
b = b ^ (b >> 2)
```

आठ बिट असतील तर `b = b ^ (b >> 4)` ही तिसरी ओळ लागते. मग आलेलं बायनरी सुलट सूत्रातून परत ग्रे करून एन्कोडरच्या तारांवर दिसणाऱ्या बिटांशी ताडून बघावं, आणि तेही सोळाच्या सोळा खणांवर. नुसते आकडे ताडायचे असले तरी निदान खण ४ आणि ८ बघाच. दोन बिटांच्या पलीकडे गेल्याशिवाय ही चूक पकडलीच जात नाही.

हेच काम ७४८६ च्या आयसीवर करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट भेटते. दोन्ही बाजूंना तीनच गेट लागतात, म्हणजे एक आयसी पुरे. पण सुलट बाजूचे तिन्ही गेट एकदम काम करतात, आणि उलट बाजूला प्रत्येक गेट आधीच्याची वाट बघतो. खण ७ वरून ८ वर जाताना ग्रेमध्ये एकच बिट बदलतो, ०१०० चा ११०० होतो. बाहेर मात्र बायनरी ७ वरून १५, ११, ९ असं करत ८ वर येतं. हा खेळ काही नॅनोसेकंदांचा आणि पीएलसीला तो दिसायचाही नाही, पण तो आकडा थेट काउंटरला किंवा तुलनेच्या सर्किटला जोडला तर नक्की दिसेल. फ्रँक ग्रेनं हा कोड आणला (त्याचं पेटंट १९५३ चं) तो एका वेळी एकच बिट हलावा या सोयीसाठी. साखळीच्या पुढे ती सोय संपते. म्हणून ग्रे आधी लॅच करावा, रूपांतर मागून, आणि निकाल साखळी स्थिरावल्यावर उचलावा.

तार तुटली तर तीही याच साखळीतून ओळखू येते. आमच्या मुळशीच्या पावसात कनेक्टरला हिरवट गंज चढतो आणि एखादी तार हमखास सुटते. सर्वांत वरच्या बिटाची तार शून्यावर अडकली, तर ७ पर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढे ८ ऐवजी पुन्हा ७, मग ६, ५ असा आकडा उतरत जातो, कारण वरचा एक बिट चुकला की त्याच्याखालचे सगळे उलटतात. खालच्या टोकाची तार सुटली तर फक्त शेवटचा बिट चुकतो आणि आकडा जास्तीत जास्त एकानं हुकतो. आकडा अर्ध्यावरून मागे फिरताना दिसला, तर प्रोग्रामला हात न लावता आधी तो कनेक्टर उघडावा.