कुटुंबाचा करार आणि कंपनीचे आर्टिकल्स

कौटुंबिक घटना, म्हणजे भागांची वाटणी, वारसाची निवड आणि मतभेद मिटवण्याची रीत ठरवणारा कुटुंबाचा लेखी करार, केवळ सह्या झाल्याने कंपनीवर बंधनकारक होत नाही, हा धडा पुण्यातील किर्लोस्कर कुटुंबाच्या वादातून भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखानदारांना घेता येतो. या कुटुंबाने २००९ मध्ये केलेल्या तडजोडीच्या दस्तऐवजात परस्परांशी स्पर्धा न करण्याचे कलम होते. पुढे २०१७ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने ला-गज्जर ही पंप बनवणारी कंपनी घेतली, तेव्हा पंपांच्याच धंद्यातील किर्लोस्कर ब्रदर्सने त्या कलमाचा आधार घेतला, तर समोरून आपली कंपनी त्या दस्तऐवजात पक्षकारच नसल्याची भूमिका मांडली गेली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थी सुचवूनही वाद मिटला नाही.

खासगी कंपनीत खरे बळ असते ते आर्टिकल्सचे, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत कारभाराच्या नोंदणीकृत नियमांचे. रंगराज खटल्यात दोन शाखांनी आपले भाग समान ठेवायचे असे आपसांत ठरले होते, परंतु ती अट आर्टिकल्समध्ये नसल्याने ती कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणून भाग विकण्यापूर्वी ते कुटुंबातच देऊ करण्याची अट, त्यांची किंमत कोणत्या सूत्राने आणि कोणाकडून काढायची, तसेच संचालक नेमण्याचा प्रत्येक शाखेचा हक्क, एवढे तरी आर्टिकल्समध्ये उतरवणे भाग आहे. सुनांनी धंद्यात यावे की नाही, यासारखे प्रश्न करारातच राहिले तरी चालतात.

यात वेळेला फार महत्त्व आहे. समजा, चाकणच्या एका प्रेस शॉपचे सर्व भाग वडिलांकडे आणि पत्नीकडे आहेत; पुढे ते दोन मुलांकडे निम्मे-निम्मे गेले, तर आर्टिकल्स बदलण्यासाठी लागणारी तीन चतुर्थांश मते दोघांपैकी एकालाही एकट्याने मिळत नाहीत आणि भांडण झाल्यावर एकमत होणे तर दूरच. हेच काम वडिलांच्या हाती तेवढी मते असताना एका विशेष ठरावाने होते आणि तो ठराव तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे दाखल करावा लागतो. निम्म्या-निम्म्या वाट्याला न्याय्य म्हणण्याची पद्धत आहे. परंतु कोंडी फोडणारे कलम नसेल, तर अशी वाटणी कारखाना बंद पाडण्याचीच तजवीज ठरते.

एमआयडीसीचा प्लॉट मात्र अनेकदा विसरला जातो. भाडेपट्टा कंपनीच्या नावे नसून वडिलांच्या व्यक्तिगत नावे असेल, तर आर्टिकल्स कितीही नेटके असले तरी त्या हक्काला ते लागू होत नाहीत. मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विवाहित मुलींसह सर्व वारस त्यात हिस्सेदार होतात, आणि ज्या शेडमध्ये प्रेस उभ्या आहेत तिचा भाडेकरार कोणी करायचा इथूनच नवा वाद सुरू होतो.