फोन मंदावला, पण दोष कोणाचा?

प्रश्न : वर्षभरापूर्वी घेतलेला ६४ जीबीचा अँड्रॉइड फोन आता फार अडखळतो. कॅमेरा उघडायलाही वेळ लागतो. दुकानदार नवा घ्या म्हणतो. काय करू? – एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : थांबा, आधी सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज पाहा. ६४ पैकी ६० जीबीच्या पुढे भरलं असेल, तर संशय तिथेच घ्या. फोनच्या मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा कप्पा पुसावा लागतो. मोकळे कप्पे संपले की प्रत्येक फोटोआधी ही पुसापुशी होते आणि फोन अडकतो. बाजारभावाच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे व्हिडिओ न सांगता साठत जातात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा, मोठे व्हिडिओ आधी काढा आणि आपोआप डाउनलोड होणं बंद करा. कामाचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. निदान दहा जीबी मोकळे करून फोन बंद करून चालू करा.

तरीही अडखळतोय? मग सेफ मोड. बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचं चिन्ह दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स झोपलेली असतात. फोन तिथे चपळ चालला, तर दोषी त्यांपैकीच एक. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा.

फक्त दुपारच्या उन्हात मंदावत असेल, तर तापल्यामुळे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. फोन सावलीत ठेवा.

सेफ मोडमध्ये, थंड असतानाही रखडला, तरच नव्याचा विचार करा.