मुलाचं गेम अकाउंट गेलं, आता काय?

प्रश्न : 'फुकट डायमंड्स'च्या लिंकवर मुलाने जीमेलचा पासवर्ड टाकला. आता फ्री फायर मॅक्स उघडत नाही.
– एक पालक, वडगाव मावळ

उत्तर : ते गेम अकाउंट गूगलला जोडलेलं असेल, तर आधी जीमेल सोडवा. मुलगा रोज वापरतो त्याच फोनवरून, घरच्याच वायफायवर g.co/recover उघडा. लोणावळ्याच्या कॅफेतून नको. ओळखीचं ठिकाण आणि यंत्र गूगल जमेस धरतं. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असला, तरी जुना साधारण सात दिवस चालू शकतो. म्हणून आजच बसा.

जीमेल मिळूनही गेम परकाच राहिला, तर गेमच्या सपोर्टला लिहा. टोपणनाव पुरावा ठरत नाही, ते कधीही बदलता येतं. प्लेयर आयडी द्या, सोबत खरेदीच्या पावत्या. जीमेलमध्ये GPA शोधलं की गूगल प्लेचे ऑर्डर क्रमांक दिसतील. चोराने मेल पुसले असतील, तर यूपीआयच्या नोंदीतली तारीख आणि रक्कम द्या. ओटीपी मात्र कुणालाही नाही, सपोर्टच्या नावाने मागितला तरी.

नंतर पासवर्ड बदला, अनोळखी डिव्हाइस काढा, टू-स्टेप लावा. जीमेलचं फॉरवर्डिंग तपासायला बहुतेक जण विसरतात. तिथे चोराचा पत्ता राहिला तर मेल त्याच्याकडे जातच राहतात. पैसेही गेले असतील, तर लगेच 1930 ला फोन करा.